सरासरी पंधरा टक्के, हाती एक टक्का

२००७ सालच्या अखेरीस मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स २०,२८७ अंकांवर बंद झाला. जानेवारीत त्याने २१,००० ची पातळीही ओलांडली. मग अमेरिकेतल्या गृहकर्जांचे संकट जगभर पसरले, सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि २००८ संपताना सेन्सेक्स ९,६४७ वर आला. पुढच्या वर्षी तो तितक्याच तडफेने उठला. लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी, १८ मे २००९ ला, तो इतका उसळला की व्यवहार थांबवावे लागले. त्या वर्षाअखेरीचा आकडा होता १७,४६५ आणि २०१० च्या अखेरीचा २०,५०९.

हेच टक्क्यांत मांडू. २००८ मध्ये ५२.४५ टक्के घट, २००९ मध्ये ८१.०३ टक्के वाढ, २०१० मध्ये १७.४३ टक्के वाढ. शाळेत शिकवलेली सरासरी काढायची तर दोन वाढींची बेरीज करायची, त्यातून घट वजा करायची आणि तीनने भागायचे. उत्तर येते १५.३४. म्हणजे सेन्सेक्सने या तीन वर्षांत सरासरी दरसाल सव्वापंधरा टक्क्यांहून जास्त वाढ दिली, असे कोणी छापले, तर त्याच्या बेरजेत आणि भागाकारात एकही चूक सापडणार नाही.

आता २००७ च्या अखेरीस सेन्सेक्सच्या शेअरांत त्याच प्रमाणात एक लाख रुपये गुंतवलेल्या माणसाकडे पाहू. लाभांश सध्या बाजूला ठेवू. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे ४७,५५४ रुपये उरले. दुसऱ्या वर्षी त्याचे ८६,०८९ झाले. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी १,०१,०९५. तीन वर्षांत अकराशे रुपयांहूनही कमी वाढ झाली, म्हणजे एकूण जेमतेम एक टक्का. दरसाल १५.३४ टक्के खरोखर मिळाले असते, तर त्याच्या हाती दीड लाखाहून अधिक रक्कम असती आणि सेन्सेक्स ३१,००० च्या पुढे गेला असता.

मुळातला प्रत्येक आकडा खरा आहे आणि तिन्हींची बेरीजही बरोबर आहे. मग दरसालचे पंधरा टक्के गेले कुठे?

ते कधी नव्हतेच. त्या तीन टक्केवाऱ्या एकमेकींत मिळवता येत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या रकमांवरच्या आहेत. ५२.४५ टक्क्यांची घट एक लाखावर झाली. ८१ टक्क्यांची वाढ झाली ती ४७,५५४ रुपयांवर. आकडा मोठा दिसतो, पण ज्यावर तो लागू झाला ती रक्कम निम्म्याहूनही कमी होती. टक्का हा शब्द पाया सांगत नाही. त्यामुळे दोन टक्के एकाच मापाचे असतील असे आपण धरून चालतो आणि फसतो.

सरासरी म्हणजे काय, हे इथे नीट पाहायला हवे. गाय सोमवारी सहा लिटर, मंगळवारी आठ आणि बुधवारी सात लिटर दूध देते, तेव्हा आपण सरासरी सात लिटर म्हणतो. याचा अर्थ, तिने तिन्ही दिवस सात-सात लिटर दिले असते तरी एकूण दूध तेवढेच झाले असते. चढउतार पुसून सगळीकडे एकच आकडा ठेवला तरी शेवटचा हिशेब बदलू नये, हेच सरासरीचे काम. दुधाचा शेवटचा हिशेब बेरजेने होतो, म्हणून तिथे बेरीज करून भागणे योग्य. वाढीचा शेवटचा हिशेब गुणाकाराने होतो. एक लाख गुणिले पहिल्या वर्षाचा गुणक, गुणिले दुसऱ्याचा, गुणिले तिसऱ्याचा. तेव्हा तिथली सरासरीही गुणाकार जपणारी हवी.

गुणक म्हणजे वर्षाच्या शेवटची रक्कम भागिले सुरुवातीची रक्कम. १७.४३ टक्के वाढ झाली, तर एकाचे १.१७४३ झाले. ८१.०३ टक्क्यांचा गुणक १.८१०३. आणि ५२.४५ टक्के गेले म्हणजे ४७.५५ टक्के उरले, म्हणून गुणक ०.४७५५. घटीचा गुणकही धन संख्याच असतो, फक्त एकापेक्षा लहान. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे १.०११ येतो. आता हवी आहे अशी एकच संख्या, जी तीनदा एकमेकींनी गुणली की १.०११ मिळेल. म्हणजेच त्याचे घनमूळ. तीन संख्यांच्या गुणाकाराचे घनमूळ, दहांच्या गुणाकाराचे दहावे मूळ, याला भूमितीमध्य म्हणतात. दहावीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर टाकलेल्या लंबाच्या निमित्ताने भेटतो, तोच हा. तिथे संख्या दोन असतात, म्हणून वर्गमुळावर भागते.

वर्गमूळ हाताने काढता येते. घनमूळही नेटाने काढता येईल. दहावे मूळ मात्र कागद-पेन्सिलीने काढणे म्हणजे शिक्षाच. इथे लॉग मदतीला येतात.

दहाचा कितवा घात केला की ही संख्या मिळते, याचे उत्तर म्हणजे त्या संख्येचा लॉग. शंभरचा लॉग २, हजारचा ३, एकाचा शून्य. शंभर आणि हजार यांच्या मधल्या प्रत्येक संख्येचा लॉग २ आणि ३ च्या दरम्यान कुठेतरी असतो. शंभर गुणिले हजार म्हणजे एक लाख, आणि २ अधिक ३ म्हणजे ५, जो एक लाखाचा लॉग आहे. संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या लॉगची बेरीज. मूळ काढणे म्हणजे लॉगला भागणे. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगचे पहिले पुस्तक छापले. लंडनच्या हेन्री ब्रिग्जने ते वाचून नेपियरची भेट घेतली, आणि दहा हा पाया धरून नवी कोष्टके बनवायला घेतली. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी वापरलेली लॉग टेबलची पातळ पुस्तिका ही त्याच वंशातली.

आता आपले काम असे होते. प्रत्येक वर्षाच्या गुणकाचा लॉग घ्यायचा. त्या लॉगची साधी, शाळेतली, बेरीज करून भागायची सरासरी काढायची. मग उलट वाटेने त्या सरासरी लॉगवरून संख्येकडे यायचे, म्हणजे अँटिलॉग घ्यायचा. तोच भूमितीमध्य. टक्क्यांची सरासरी काढणे चूक आणि लॉगची सरासरी काढणे बरोबर, याचे कारण इतकेच की लॉगची बेरीज खरोखर काहीतरी मोजते. ती एकूण गुणाकार मोजते.

प्रत्यक्ष करून पाहू, आणि तेही जुन्या चार अंकी कोष्टकाने, कारण त्यात प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहते. २००८ चा गुणक ०.४७५५. कोष्टकात ४७ ची ओळ, ५ चा स्तंभ, तिथे ६७६७. उजवीकडच्या फरकाच्या स्तंभांत ५ खाली ५. मिळवून ६७७२. संख्या एकापेक्षा लहान असल्याने पूर्णांकाच्या जागी उणे एक येतो. पण दशांश भाग धनच राहतो, म्हणून उण्याचे चिन्ह संख्येच्या आधी न लावता फक्त एकाच्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि वाचताना 'बार एक' म्हणतात. बार १.६७७२ म्हणजे उणे एक अधिक ०.६७७२. याच रीतीने २००९ च्या १.८१० चा लॉग ०.२५७७ आणि २०१० च्या १.१७४ चा ०.०६९७.

तिन्हींचे दशांश भाग मिळवले तर १.००४६. त्यातून बारचा एक गेला. उरले ०.००४६. भागिले तीन, सुमारे ०.००१५. अँटिलॉगच्या कोष्टकात याच्यासमोर १.००३. म्हणजे दरसाल ०.३ टक्के. कॅल्क्युलेटरवर जास्त दशांश ठेवून हेच केले की १.००३६ येतो, म्हणजे ०.३६ टक्के. वाढ इतकी लहान आहे की चार अंकी कोष्टकाची पकड शेवटच्या घरात सुटते. पण १५.३४ च्या जागी हे उत्तर आले, हे कळायला चार अंक पुरेसे आहेत.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अंतिम उत्तरात दिसत नाही, मधल्या आकड्यांत दिसते. बारची भानगड सोडून २००८ चा लॉग साध्या उणे संख्येत लिहिला तर तो उणे ०.३२२८ होतो. २००९ चा अधिक ०.२५७८, २०१० चा अधिक ०.०६९८ (कॅल्क्युलेटरने, जरा जास्त काटेकोर). आता एका नजरेत कळते की ८१ टक्क्यांची ती डोळे दिपवणारी वाढ २००८ ची खोल भरून काढायला पुरली नव्हती. ती ०.२५७८ इतकी वर आली, खाली गेलो होतो ०.३२२८. उरलेली बहुतेक सगळी भर २०१० च्या साध्या दिसणाऱ्या सतरा टक्क्यांनी घातली आणि दोघांनी मिळून खड्ड्यापेक्षा ०.००४७ इतकेच जास्त दिले. टक्क्यांत पाहिले तर ५२ टक्के पडल्यावर ८१ टक्के चढणे म्हणजे सगळे वसूल होऊन वर फायदा, असा भास होतो. लॉगमध्ये तो भास टिकत नाही. जितके खाली तितकेच वर आले तरच आपण पूर्वीच्या जागी येतो, हे तिथे बेरीज-वजाबाकीइतके साधे असते. उणे ०.३२२८ भरून काढायला अधिक ०.३२२८ लागतो, आणि त्याचा अँटिलॉग घेतला की कळते, ५२.४५ टक्क्यांच्या घटीतून बाहेर यायला ११० टक्के वाढ लागते.

हा समतोल इंग्लंडच्या विल्यम स्टॅनली जेव्हन्सने १८६३ मध्ये वापरला होता. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात नव्या खाणी सापडल्यावर सोन्याची किंमत खरोखर घसरली का, हे त्याला पाहायचे होते. त्यासाठी त्याने ३९ वस्तूंच्या भावांतले बदल घेतले, त्यांचे लॉग काढले आणि त्यांची सरासरी घेतली. त्यामागचा त्याचा युक्तिवाद आजही पटतो. एका वस्तूचा भाव दुप्पट झाला आणि दुसरीचा निम्मा झाला, तर साधी सरासरी म्हणते की भाव पंचवीस टक्क्यांनी वाढले. दुप्पट आणि निम्मे हे एकमेकांना तंतोतंत उलटे बदल आहेत, मग वाढ कुठून आली? लॉगमध्ये ते अधिक ०.३०१० आणि उणे ०.३०१० असतात, आणि त्यांची सरासरी शून्य. भारताच्या घाऊक किंमत निर्देशांकाची २०११-१२ पायाची मालिका आली, तेव्हा एकेका वस्तूसाठी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले भाव एकत्र करायला हाच मध्य घेतला गेला.

इथे कोणी हुशार वाचक विचारेल की एवढा खटाटोप कशाला? पहिला आकडा २०,२८७, शेवटचा २०,५०९. भागाकार करा, घनमूळ घ्या, झाले. मधल्या वर्षांचे लॉग कशाला हवेत? अगदी बरोबर. गुणकांचा गुणाकार केला की मधले आकडे कटतात. ९,६४७ एकदा वर येतो, एकदा खाली, आणि दोन्ही उडून जातात. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींत दिसणारा 'सीएजीआर' म्हणजे हेच, पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावरून काढलेला भूमितीमध्य. पण पुष्कळदा मूळ आकडे हाताशी नसतात. सहकारी संस्थेच्या अहवालात, कारखान्याच्या ताळेबंदावरच्या बातमीत, राज्याच्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत आपल्याला मिळतात त्या नुसत्या टक्केवाऱ्या. अमुक वर्षी नऊ टक्के, तमुक वर्षी उणे चार, मग तेरा. तिथे प्रत्येकाचा गुणक बनवून लॉग घेण्याला पर्याय नाही. शिवाय वर पाहिले तसे, कोणत्या वर्षाने किती दिले आणि किती नेले हे फक्त लॉगच्या यादीत दिसते. दोन टोकांच्या भागाकारात ते कटून गेलेले असते.

आता चुका. पहिली बारची. हिशेब २०११ पर्यंत वाढवू. त्या वर्षी सेन्सेक्स पुन्हा पडला, २०,५०९ वरून १५,४५५ वर. घट २४.६४ टक्के, गुणक ०.७५३६, लॉग बार १.८७७१. आधीच्या तीन वर्षांची बेरीज ०.००४६ होती. मिळवून बार १.८८१७. आता वर्षे चार, म्हणून चारने भागायचे. बार एक म्हणजे उणे एक, आणि त्याला चारने नि:शेष भाग जात नाही. म्हणून आधी उणे एकाचे उणे चार करून घ्यायचे आणि ते तीन दशांश भागात भरायचे. उणे चार अधिक ३.८८१७. आता भागले की उणे एक अधिक ०.९७०४, म्हणजे बार १.९७०४. त्याचा अँटिलॉग ०.९३४२. दरसाल ६.६ टक्के घट.

डोक्यावरची रेघ विसरून कोणी १.८८१७ ला सरळ चारने भागले तर ०.४७०४ येते, अँटिलॉग २.९५, म्हणजे पैसे दरसाल जवळपास तिप्पट. ही चूक पकडायला फेरहिशेब करावा लागत नाही. कोणतीही सरासरी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या संख्येच्या मधेच असली पाहिजे. आपला सर्वांत मोठा गुणक १.८१०३ आहे, तेव्हा २.९५ असूच शकत नाही. दुसरी कसोटी याहून बारीक आहे. धन संख्यांचा भूमितीमध्य साध्या सरासरीपेक्षा कधीही मोठा नसतो. सगळ्या संख्या सारख्या असतील तरच दोन्ही बरोबरीत येतात, एरवी भूमितीमध्य खालीच राहतो. उत्तर साध्या सरासरीच्या वर गेले, की कुठेतरी चुकले.

याच चार वर्षांच्या टक्क्यांची साधी सरासरी काढली तर अधिक ५.३४ टक्के येते. पैसा चार वर्षांत एक लाखावरून सुमारे ७६,००० वर आला आहे, आणि सरासरी सांगते वाढ. माझ्या मते अशी सरासरी छापणे ही नुसती ढिलाई नाही. आपल्या बचतीचे काय होणार हे ज्या आकड्यावरून माणूस ठरवतो, त्याचे चिन्हच उलटे झाले, तर त्याला दिलेली माहिती खोटीच ठरते.

दुसरी चूक संगणकावर होते. आज लॉगची पुस्तिका कोणी उघडत नाही. एक्सेलमध्ये B2 ते B4 या घरांत तीन गुणक लिहिले की पुढच्या दोन्ही सूत्रांचे उत्तर एकच येते.

```
=GEOMEAN(B2:B4)
=10^AVERAGE(LOG10(B2:B4))
```

दुसरे सूत्र म्हणजे आपण वर केलेलाच हिशेब. (जुन्या एक्सेलमध्ये ते टाकल्यावर Ctrl+Shift+Enter दाबावे लागते.) मात्र गुणकांऐवजी टक्केच या घरांत टाकण्याची चूक सर्रास होते. त्यात एखादा उणे टक्का असेल तर सूत्र `#NUM!` दाखवते आणि माणूस सावध होतो. सगळे टक्के धन असतील तर मात्र ते निमूट चुकीचे उत्तर देते. एका वर्षी २ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ३० टक्के वाढ झाली असेल, तर २ आणि ३० यांचा भूमितीमध्य ७.७५ येतो. गुणकांचा, म्हणजे १.०२ आणि १.३० यांचा, १.१५१५ येतो. खरी वाढ दरसाल १५.१५ टक्के आहे. टक्के पाहून ही चूक लक्षात येत नाही, म्हणून आधी प्रत्येक टक्क्यात शंभर मिळवून शंभराने भागण्याची सवय हवी.

साधी सरासरी आणि भूमितीमध्य यांच्यात अंतर किती पडते, हे चढउतारांवर ठरते. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९ कोटी ६८ लाख ७८ हजार होती आणि २०११ मध्ये ११ कोटी २३ लाख ७४ हजार. दहा वर्षांत १५.९९ टक्के वाढ. वर्तमानपत्रात याला दहाने भागून दरसाल १.६ टक्के म्हणून मोकळे होतात. लॉगने पाहू. १.१५९९ चा लॉग ०.०६४४, भागिले दहा ०.००६४४, अँटिलॉग १.०१४९. म्हणजे दरसाल १.४९ टक्के. फरक बारीक वाटतो, कारण लोकसंख्या शेअर बाजारासारखी उसळत नाही. इथे चूक चढउतारांची नाही, वाढीवर होणारी वाढ न धरल्याची आहे. तरी २००१ च्या आकड्याला दहा वर्षे १.६ टक्क्यांनी वाढवत नेले, तर २०११ मध्ये प्रत्यक्षापेक्षा साडेअकरा लाखांहून जास्त माणसे कागदावर येतात. पाणी, शाळा, धान्य यांचे आराखडे अशा दरांवर आखले जातात.

या मध्याच्या मर्यादाही आहेत. एखाद्या वर्षी सगळेच गेले, म्हणजे गुणक शून्य झाला, तर शून्याला लॉग नसतो. हिशेब तिथेच थांबतो, आणि ते योग्यच आहे, कारण शून्याला पुढे कितीही गुणले तरी शून्यच. एखादी कंपनी तोट्यातून नफ्यात आली असेल, तर तिच्या नफ्याचा वाढीचा गुणक काढताच येत नाही. उणे पाच कोटींचे अधिक तीन कोटी झाले, यात कितीपट असा प्रश्नच बसत नाही. असा दर कोणी छापला असेल तर तो काढला कसा, हे विचारावे.

दुसरी मर्यादा आज घराघरांत भेटते. दरमहा थोडे-थोडे पैसे घालणाऱ्याला, म्हणजे एसआयपी करणाऱ्याला, भूमितीमध्य त्याचा स्वतःचा परतावा सांगत नाही. तो एकदाच घातलेल्या रुपयाचे काय झाले एवढेच सांगतो. २००८ च्या पडझडीत ज्याने हप्ते चालू ठेवले, त्याची बरीच रक्कम खालच्या पातळीवर आत गेली आणि २००९ ची उसळी तिला पूर्ण मिळाली. त्याला २०१० अखेर ०.३६ टक्क्यांहून कितीतरी जास्त मिळाले असणार. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढायच्या त्या दराची रीत वेगळी आहे. एक्सेलमध्ये त्यासाठी `XIRR` आहे.

तिसरी गोष्ट मर्यादेपेक्षाही जपून पाहण्याची. भूमितीमध्यात मधली वर्षे कटतात, म्हणजे सगळा भार पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावर पडतो. आपण २००७ च्या अखेरीस, ऐन शिखराजवळ, सुरुवात केली आणि दरसाल ०.३६ टक्के मिळाले. हाच सेन्सेक्स, हेच २०१० चे शेवटचे टोक, पण सुरुवात २००८ च्या अखेरीस धरली तर दोन वर्षांचा दर होतो दरसाल ४५.८ टक्के. दोन्ही हिशेब रीतीने बिनचूक आहेत. जाहिरातीत दर दिसला, की त्याच्याखाली सुरुवातीची तारीख शोधावी. आणि मिळत असतील तर मधल्या प्रत्येक वर्षाचे टक्के मागून, गुणक करून, लॉगची यादी कागदावर उतरवावी. २००८ चा उणे ०.३२२८ त्या यादीतून गायब असेल, तर तो लगेच दिसतो.